पायलट कमी नसतात, इंटरपोलेशन आळशी असतं

प्रश्न: एलटीईमध्ये पायलट, म्हणजे रिसीव्हरला आधीच ठाऊक असलेले सिग्नल, दर सहाव्या सबकॅरिअरवरच का? आणखी जवळ ठेवले तर चॅनेल एस्टिमेशन, म्हणजे वाटेत सिग्नल कसा बदलला याचा अंदाज, सुधारणार नाही का?

सुधारेल, पण फुकट नाही. एका अँटेनाचे पायलटच जवळपास ५ टक्के जागा खातात. शिवाय ‘दर सहावा’ हे अर्धसत्य. पुढच्या पायलट-सिंबॉलमध्ये ते तीन सबकॅरिअर सरकलेले असतात, आणि दोन सबकॅरिअरमध्ये १५ किलोहर्ट्झ, त्यामुळे दोन्ही एकत्र केले की अंतर ९० नव्हे, ४५ किलोहर्ट्झ पडतं. त्याचा व्यस्त २२ मायक्रोसेकंद. प्रतिध्वनी तेवढे पसरले तरी चॅनेल परत उभा करता येतो, आणि या सबकॅरिअर-अंतराला लांबातला लांब सायक्लिक प्रिफिक्स, म्हणजे प्रतिध्वनींसाठी सिंबॉलआधी राखलेली जागा, हीसुद्धा १६.७ मायक्रोसेकंदांचीच. हिशेब चोख आहे.

‘पायलटच कमी दिलेत’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. आमच्या एका सिनियरांचं ते पालुपद होतं. चार बिंदूंचं क्यूपीएसके मॉड्युलेशन मस्त चालायचं, पण ६४ बिंदूंच्या ६४-क्वामचा एरर मात्र एसएनआर, म्हणजे नॉइजच्या तुलनेत सिग्नल, कितीही वाढवला तरी एका पातळीखाली जाईना. साहेबांचा हुकूम: पायलटची पॉवर वाढवा. मी प्रत्येक सबकॅरिअरचा एरर वेगळा काढून आलेख केला. पायलटवर एरर जवळजवळ शून्य, दोन पायलटच्या मध्ये उंचवटा, दर सहा सबकॅरिअरना तीच नक्षी. नॉइजला पायलट कुठे आहेत ते ठाऊक नसतं, मग ही नक्षी नॉइजची कशी असेल?

झालं होतं असं की एफएफटीची, म्हणजे सिंबॉलमधले सबकॅरिअर वेगळे करणाऱ्या गणिताची, खिडकी सावधगिरी म्हणून २ मायक्रोसेकंद आधी उघडत होती. ते चालतं, पण त्यामुळे सबकॅरिअरगणिक फेज फिरत जाते, आणि ९० किलोहर्ट्झमध्ये ती ६५ अंश फिरते. आमचा कोड एकाच सिंबॉलमधल्या दोन पायलटना सरळ रेषेने जोडायचा. खरा चॅनेल वर्तुळावरून जातो, ही रेषा मात्र जीवेसारखी आतून, म्हणून मधोमध अंदाज १ ऐवजी ०.८४ यायचा. ६४-क्वामच्या पातळ्या १, ३, ५, ७; त्या ०.८४ ने भागलं की ५ चा बिंदू ५.९ वर जातो, आणि ५ की ७ या निर्णयाची सीमा आहे ६. क्यूपीएसकेला फक्त चिन्ह लागतं, म्हणून ते बिनघोर.

उपाय पाच-सहा ओळींचा होता. शेजारच्या पायलटमधला सरासरी फेज-फरक काढायचा, तेवढं उलट फिरवायचं, इंटरपोलेट करायचं, परत फिरवायचं. नक्षी गेली. पायलट तेवढेच, पॉवरही तेवढीच. साहेबांनी रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘टायमिंग सुधारलं’. टायमिंगला कुणी हातही लावला नव्हता!

आता हेही खरं, की आमच्या टेस्टमध्ये मुख्यतः एकच वाट होती. प्रतिध्वनी लांब पसरले असतील तर सरासरी काढून भागत नाही, चॅनेलची आकडेवारी वापरून इंटरपोलेट करणारा वीनर फिल्टर लागतो. सरकवलेले पायलट एकत्र करतानाही गाडीचा वेग बघावा लागतो: २ गिगाहर्ट्झला ताशी ५०० किलोमीटरवर डॉप्लर साधारण ९३० हर्ट्झ, म्हणजे अर्ध्या मिलिसेकंदात चॅनेल पार बदलतो. आणि हे वायफायला लावू नका. ८०२.११ए मध्ये चॅनेल पॅकेटच्या सुरुवातीच्या प्रिअँबलवरून काढतात, ते चार पायलट फक्त फेज सांभाळायला असतात.