‘अहील्यबाइ’पासून ‘अहिल्याबाई’ किती लांब?

प्रश्न: आमच्या इंदूरच्या मराठी ग्रंथालयाच्या संगणकावरच्या यादीत घाईघाईत ‘अहील्यबाइ’ असं टाइप झालं. लगेच ‘तुम्हाला असं म्हणायचं आहे का?’ असं विचारून खाली ‘अहिल्या’ आणि ‘अहिल्याबाई’ असे दोन शब्द आले, तेही याच क्रमाने. मुलगा म्हणतो, हे ‘एडिट डिस्टन्स’ने होतं. हे अंतर कसलं? आणि उघड उघड ‘अहिल्याबाई’ लिहायचं होतं, तर ‘अहिल्या’ वर कसं?

उत्तर: ताई, एका शब्दाचा दुसरा शब्द करायला कमीत कमी किती दुरुस्त्या लागतात, त्या संख्येला एडिट डिस्टन्स म्हणतात. दुरुस्त्या तीनच प्रकारच्या: एक चिन्ह घालणं, एक काढणं, एकाच्या जागी दुसरं ठेवणं. हे माप लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाच्या नावाने ओळखलं जातं. 1965 साली त्याने ते मांडलं तेव्हा त्याच्यापुढे शुद्धलेखन नव्हतं, तारेवरून जाताना बिघडणारे संकेत दुरुस्त कसे करायचे हा प्रश्न होता. टंकलेखनातल्या चुकांकडे त्याच्या वर्षभर आधी आयबीएममधल्या डॅमेरो यांनी पाहिलं होतं. त्यांना आढळलं की 80 टक्क्यांहून अधिक चुकीच्या शब्दांत चूक एकच असते, आणि ती या तीन प्रकारांतली तरी असते किंवा शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल तरी. ‘इंदूर’चं ‘इंदरू’ होतं ते या चौथ्या प्रकाराने. लेव्हेनश्टाइनच्या हिशेबात ते दोन दुरुस्त्यांवर पडतं, डॅमेरोच्या हिशेबात एकाच.

‘कमीत कमी’ शोधायचं कसं, तर तक्ता मांडून. कुणी ‘राजवाडा’ऐवजी ‘राजवडा’ लिहिलं असं समजा. ‘राज’ दोन्हीकडे सारखाच, म्हणून फक्त ‘वडा’ आणि ‘वाडा’ घेऊ. उभ्यात चुकीचा शब्द, आडव्यात बरोबर:

```
        –   व   काना   ड   काना
–       0   1    2     3    4
व       1   0    1     2    3
ड       2   1    1     1    2
काना    3   2    1     2    1
```

प्रत्येक घर भरताना तीन शेजारी बघायचे. वरच्या घरात एक मिळवा, डावीकडच्या घरात एक मिळवा, आणि तिरक्या घरात, दोन्ही चिन्हं सारखी असतील तर काहीच मिळवू नका, वेगळी असतील तर एक मिळवा. तिन्हींतला लहान आकडा त्या घरात लिहायचा. उजवीकडे तळाशी येतो तो आकडा म्हणजे अंतर. इथे तो 1, कारण एक काना राहिला होता.

तक्त्यात काना वेगळ्या घरात बसलाय, हे तुमच्या प्रश्नासाठी महत्त्वाचं. आपण ‘ल्या’ला एक अक्षर म्हणतो, पण संगणकात ती चार चिन्हं असतात: ल, पाय मोडल्याची खूण, य आणि काना. बहुतेक ठिकाणी कर्सर ‘ल्या’च्या पुढे ठेवून बॅकस्पेस दाबलं, तर आधी नुसता काना जातो, तेव्हा हे डोळ्यांना दिसतं. अंतर साधारणपणे या चिन्हांत मोजतात.

आता तुमचा शब्द. ‘अहिल्याबाई’त 10 चिन्हं, ‘अहील्यबाइ’त 9. पहिली वेलांटी दुसरी झाली, ‘ल्या’चा काना गेला आणि शेवटची ई ऱ्हस्व झाली. अंतर 3. आता ‘अहिल्या’शी ताडून बघा: वेलांटी बदला, ‘ब’ काढा, मग उरलेला काना ‘य’ला लागतो, आणि शेवटची ‘इ’ काढा. हेही 3! तुमच्या यादीला दोन्ही शब्द सारख्याच अंतरावर दिसले. बरोबरी झाली की बहुतेक प्रणाली, ज्या शब्दाचा वापर जास्त तो वर ठेवतात. तसं नसेल तर अकारविल्हे क्रमातही ‘अहिल्या’च आधी येतो. म्हणजे यादीने अंतर चुकीचं मोजलं नाही. तिला वेलांटीची चूक आणि अख्खा ‘ब’ गाळणं यांत फरकच दिसत नाही, खरी अडचण ही आहे.

आणि मराठीत हा फरक मोठा आहे. ऱ्हस्व-दीर्घाची चूक बोट घसरून होते त्याहून अधिक, बोलताना फरक ऐकूच येत नाही म्हणून होते. तिला ‘ब’ हरवण्याइतकाच दंड लावणं मला अन्यायाचं वाटतं. उपाय दोन आहेत. वेलांटी-उकारांच्या ऱ्हस्व-दीर्घ चुकीला पूर्ण एकऐवजी अगदी थोडा दंड लावायचा, हा एक. दुसरा मला जास्त पसंत आहे: मोजण्याआधी दोन्ही शब्द सपाट करून घ्यायचे, म्हणजे सगळे दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व करायचे आणि पाय मोडल्याच्या खुणा काढून टाकायच्या. तुमचा शब्द मग ‘अहिलयबाइ’ होतो, ‘अहिल्याबाई’चा ‘अहिलयाबाइ’ आणि ‘अहिल्या’चा ‘अहिलया’. आता पहिल्याशी अंतर 1, दुसऱ्याशी 2. तुम्हाला हवा तो शब्द आपोआप वर आला.

सपाट केल्याने ‘दिन’ आणि ‘दीन’ एक होतात, ‘सुत’ आणि ‘सूत’ही. म्हणून सपाट रूप फक्त उमेदवार गोळा करायला वापरावं, आणि त्यांतली बरोबरी मूळ रूपांतल्या अंतराने सोडवावी.

शोधासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ल्युसीनसारख्या साधनांत अंतराची मर्यादा 2 आहे. त्यापुढे गेलं की जवळच्या शब्दांची संख्या भराभर वाढते आणि सुचवण्याला अर्थ राहत नाही. तुमच्या यादीने तीनवरचे शब्द दिले, म्हणजे तिची मर्यादा सैल आहे. मर्यादा 2 असती आणि सपाटीकरण नसतं, तर ‘अहील्यबाइ’ला काहीच सुचलं नसतं. छोट्या शब्दांत तर एक दुरुस्तीही जास्तच होते: ‘घर’पासून कर, दर, वर, सर सगळेच एका अंतरावर. तिथे नुसत्या अंतरावर विसंबता येत नाही, शेजारचे शब्द बघावे लागतात.

आपल्या गावापुरतं आणखी एक. इथे पाट्यांवर आणि फोनवर हिंदीतला ‘राजवाड़ा’ सारखा समोर येतो, आणि तोच कॉपी होऊन मराठी यादीतही शिरतो. हा नुक्त्याचा ‘ड़’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा ‘ड’ आणि वेगळा नुक्ता म्हणून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण त्यांच्यातलं अंतर 2 भरतं, कारण एक चिन्ह बदलावं लागतं आणि एक घालावं लागतं. डोळ्यांना अचूक दिसणारा शब्द टाइप करूनही यादीने ‘असं म्हणायचं आहे का?’ म्हणत तोच शब्द परत दाखवला, तर कारण बहुधा हेच असतं. युनिकोडच्या एनएफसी या प्रमाणित रूपात दोन्ही तऱ्हा ‘ड’ अधिक नुक्ता अशाच होतात. यादी सांभाळणाऱ्यांना एवढं सांगा, की नोंदी आणि टाइप केलेला शब्द दोन्ही आधी एनएफसीत आणा, मग नुक्ता काढा, मग सपाट करा आणि शेवटी अंतर मोजा.