११ आणि २२ एकत्र आले तर संसार टिकतो का?

प्रश्न: माझी जन्मतारीख १८ ऑक्टोबर १९९०, भाग्यांक ११. होणाऱ्या नवऱ्याची २७ ऑगस्ट १९८५, भाग्यांक २२. दोन मास्टर नंबर एका घरात नांदत नाहीत म्हणतात, खरं आहे का?

उत्तर: नाही, असा नियम अंकशास्त्रात नाही. पण आधी बेरीज बघा. भाग्यांक म्हणजे जन्मतारखेच्या अंकांची बेरीज; ती एक आकडी होईपर्यंत करतात, फक्त ११, २२ आणि ३३ तसेच ठेवतात, तेच मास्टर नंबर.

तुमचे १८ म्हणजे ९, ऑक्टोबरचा १, १९९० चा १९, मग १०, मग १. एकूण ११. सगळे अंक सरळ ओळीने मिळवले तर २९, म्हणजे पुन्हा ११. तुमचा अंक पक्का. त्यांचे ९, ८ आणि ५ मिळून २२ होतात खरे, पण सरळ मिळवले की येतात ४० आणि उरतो नुसता ४. एका रीतीत मास्टर नंबर, दुसरीत नाही! मी दिवस, महिना, वर्ष वेगळं धरते, म्हणून २२ मानते. आपल्याकडचे बरेच ज्योतिषी मास्टर नंबर धरतच नाहीत. ते ११ चा २ म्हणजे चंद्र आणि २२ चा ४ म्हणजे राहू करतात. तुम्हाला कुणी घाबरवलं असेल तर बहुधा या चंद्र-राहूच्या ग्रहणावरून.

मास्टर नंबरवाल्यांचं म्हणणं वेगळं आहे. ११ ला गोष्टी आधी जाणवतात, पण मन सतत ताणलेलं असतं. २२ मोठं काहीतरी उभं करणारा, मात्र कामाच्या ओझ्याखाली मुका होणारा. त्यात ११ खाली घसरला की २ सारखा हळवा होतो, दुसऱ्याच्या शब्दावर जगतो. २२ घसरला की ४ सारखा हट्टी आणि हिशेबी. समजा, तुम्ही दोघं फ्लॅट बघायला गेलात. त्यांनी हप्ता, मेंटेनन्स, स्टेशनपासूनचं अंतर सगळं वहीत मांडलंय. तुम्ही दारातच म्हणता, "इथे मन लागत नाही." ते कारण विचारतात, तुम्हाला सांगता येत नाही, ते वही मिटून गप्प बसतात. त्या गप्प बसण्याचा अर्थ तुम्ही 'आपली किंमतच नाही' असा लावता. या जोडीचं भांडण म्हणतात ते हे.

हीच जोडी जमली तर ११ ला सुचलेलं २२ प्रत्यक्षात आणतो. दोन्ही मिळून ३३, म्हणजे तिसरा मास्टर नंबर. त्याचा ६ होतो आणि ६ हा घर-कुटुंबाचा अंक. २ आणि ४ मिळवले तरी ६ च, त्यामुळे पद्धत कुठलीही घेतली तरी इथे मतभेद उरत नाही.

मला हे शास्त्र मनापासून आवडतं, पण लग्न टिकेल की मोडेल हे त्यातून कळतं याला कसलाही पुरावा नाही. हळवी बायको आणि कामात बुडालेला नवरा कुठल्याही अंकांच्या घरात सापडतील. म्हणून ११-२२ बघून स्थळ मोडू नका, आणि 'दोष' काढायला नावाचं स्पेलिंग बदला म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. त्यांच्याशी बोलून एवढं मात्र बघा: पटलं नाही की ते किती वेळ गप्प राहतात, आणि तेवढा वेळ तुम्हाला झेपतो का.