बॉक्सवरचा नंबर जुळला म्हणजे फोन खरा ठरत नाही

प्रश्न: वाशीच्या एका विक्रेत्याने ‘कंपनी रिफर्बिश्ड’ आयफोन १३ (१२८ जीबी) चे फोटो पाठवलेत, बॉक्सच्या स्टिकरचा आणि फोनवरच्या आयएमईआयचा. म्हणतो बॉक्स मॅच आहे, इंडियन पीस आहे. मी ठाण्याला राहतो, जायच्या आधी फोटोंवरून खरं-खोटं कळेल का? २८ हजार भाव बरोबर आहे का?

खोटं असेल तर बऱ्याचदा कळतं. खरं आहे याची खात्री मात्र फोटोवरून कोणी देऊ शकत नाही, आणि ‘बॉक्स मॅच आहे’ हे वाक्य तर तुम्ही कानाआड करा. सेकंडहँडच्या लाइनीतल्या लोकांशी माझा यावरूनच कायम वाद होतो. त्यांच्या मते नंबर जुळला की विषय संपला. अहो, पण नंबर जुळवायला काय लागतं? कोरा डुप्लिकेट बॉक्स आणि एक लेबल प्रिंटर. फोनवर *#06# दाबायचं, दिसेल तो नंबर स्टिकरवर छापायचा. अशा बॉक्सवरचा नंबर जुळणारच, कारण तो फोनवरूनच उतरवलेला असतो. म्हणून आयएमईआय जुळतो का हे बघण्यापेक्षा स्टिकरवरची बाकीची माहिती त्या आयएमईआयशी आणि फोनशी जुळते का हे बघायचं. छापणारा नेमका तिथे घसरतो.

सगळ्यात आधी पार्ट नंबर. मिडनाइट रंगाच्या १२८ जीबी भारतीय आयफोन १३ च्या बॉक्सवर MLPF3HN/A असं असतं. यातलं पहिलं अक्षर आणि स्लॅशच्या आधीची अक्षरं बघा. पहिलं M म्हणजे दुकानात नवा म्हणून विकला गेलेला फोन. F म्हणजे खुद्द ॲपलने रिफर्बिश केलेला. N म्हणजे सर्व्हिसमध्ये जुन्याच्या बदल्यात दिलेला. P म्हणजे मागे नाव वगैरे कोरून घेतलेला. HN म्हणजे भारत, LL म्हणजे अमेरिका. फोनमध्ये हाच नंबर Settings > General > About मध्ये Model Number समोर दिसतो, आणि त्यावर एकदा टॅप केलं की A ने सुरू होणारा चार आकडी मॉडेल नंबर येतो. विक्रेत्याकडून या दोन्हींचे स्क्रीनशॉट मागवा. नुसत्या *#06# च्या फोटोत यातलं काहीच येत नाही, म्हणूनच तो लोक आनंदाने पाठवतात.

आता तुमच्या विक्रेत्याचा दावा घ्या. ‘कंपनी रिफर्बिश्ड’ असेल तर फोनमध्ये F दिसायला हवा. बॉक्सवर M आणि तोंडाने ‘कंपनी रिफर्बिश्ड’, हे एकत्र बसत नाही. ॲपलचे रिफर्बिश्ड फोन साध्या पांढऱ्या बॉक्समध्ये येतात, फोनचं चित्र असलेल्या रिटेल बॉक्समध्ये नाही. फोनमध्येही M असेल तर तो सरळ वापरलेला फोन आहे, दुकानाने पुसून, फार तर बॅटरी किंवा स्क्रीन बदलून विकायला ठेवलेला. त्यात वाईट काही नाही, मीही असाच घेईन. फक्त त्याला ‘कंपनी’ म्हणायचं नाही आणि कंपनीचा भाव लावायचा नाही.

घणसोलीच्या एका ओळखीच्या मुलाने असेच फोटो दाखवले होते, तेच उदाहरण घेतो, कारण त्यात वरवर सगळं चोख होतं. बॉक्सवर MLPF3HN/A, खाली Model A2633, दोन्ही आयएमईआय फोनच्या स्क्रीनशी आकडा न् आकडा जुळणारे. A2633 हा भारतात विकल्या जाणाऱ्या आयफोन १३ चाच नंबर, त्यामुळे तिथेही खोट नव्हती. पण तिसरा फोटो फोनच्या उजव्या कडेचा होता. पॉवर बटणाच्या खाली, फ्रेमच्या धातूत बसवलेली लांबट गोलसर पट्टी, कॅप्सूलच्या आकाराची, रंग फ्रेमसारखाच पण चमक वेगळी. नखाने जाणवत नाही, उजेड तिरका पडला की दिसते. ती मिलिमीटर वेव्ह ५जी अँटेनाची खिडकी. आयफोन १३ मध्ये ती फक्त अमेरिकेच्या मॉडेलला, म्हणजे A2482 ला असते. भारतीय फोनला ती जागा सपाट धातूची असते. म्हणजे बॉक्स सांगत होता भारत, फोन सांगत होता अमेरिका, आणि आयएमईआय तरीही जुळत होता.

मग आयएमईआयकडे वळायचं. १५ आकड्यांपैकी पहिले ८ हे मॉडेलचे असतात, त्यांना टॅक म्हणतात. पुढचे ६ त्या एका फोनचे, शेवटचा तपासणीचा. टॅकवरून फोनचा मेक-मॉडेल निघतो. त्यासाठी KYM, एक जागा सोडून १५ आकडे, असा एसएमएस १४४२२ ला करा, किंवा सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तोच नंबर टाका. चोरीला गेल्यामुळे ब्लॉक केलेला किंवा डुप्लिकेट नंबर असेल तर तेही तिथेच कळतं. एकाच मॉडेलला अनेक टॅक असतात, त्यामुळे मित्राच्या आयफोन १३ चे पहिले ८ आकडे वेगळे दिसले म्हणून घाबरू नका. पण टॅक एका मॉडेलचा आणि स्टिकर दुसऱ्याचा असेल तर विषय तिथेच मिटतो. घणसोलीच्या त्या फोनच्या टॅकवर ऑनलाइन तपासणीत A2482 आलं, स्टिकरवर A2633. स्टिकर कोणत्या तरी भारतीय बॉक्सवरून उचललेला होता आणि त्यात फक्त आयएमईआय आणि सिरियल बदलले होते.

बारकोडनेही तेच सांगितलं. फोटो मोठा करून स्टिकरवरचे बारकोड स्कॅनर ॲपने वाचायचे आणि खाली छापलेल्या आकड्यांशी ताडून बघायचे. घाईत छापणारे अक्षरं बदलतात आणि बारकोड जुनाच ठेवतात, मग स्कॅन केल्यावर भलत्याच फोनचा नंबर बाहेर येतो. सिरियलच्या बारकोडमध्ये पुढे एक जादा S आला तर ती गडबड नाही, तो ओळखीचा शेरा असतो.

तुमच्या फोटोत शेवटचे आकडे पुसट केलेले असतील असा माझा अंदाज आहे. ‘प्रायव्हसी’ म्हणून बरेच जण तसं करतात. फक्त शेवटचा एकच आकडा झाकला असेल तर त्याला काही अर्थ नाही, तो गणिताने निघतो. पुस्तकांत नेहमी दिला जाणारा हा नमुना घ्या:

```
49015420323751?
```

डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असे सम जागांवरचे आकडे दुप्पट करा आणि दुप्पट दोन आकडी झाली तर त्यातले आकडे बेरजेने एक करा. ९ चे १८ म्हणजे ९, १ चे २, ४ चे ८, ० चे ०, २ चे ४, ७ चे १४ म्हणजे ५, १ चे २. बेरीज ३०. विषम जागांवरचे ४, ०, ५, २, ३, ३, ५ तसेच ठेवा, बेरीज २२. एकूण ५२. पुढचा शून्याने संपणारा आकडा ६०, म्हणून शेवटचा आकडा ८. फोटोत ३ की ८ असा एखादा आकडा नीट वाचता येत नसेल तर हीच रीत लावा, दोन्हींपैकी एकच बसेल. स्टिकरवरचा पूर्ण नंबरच या हिशोबात बसत नसेल तर तो मनाने लिहिलेला आहे. बसला म्हणून खरा मात्र नाही, कारण खऱ्या फोनवरून चोरलेला नंबरही बसतोच. चार-पाच आकडे झाकले असतील तर पूर्ण फोटो मागा. फोटो न देणाऱ्याकडे ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडून जायचं कारण नाही.

भारतीय बॉक्सवर आणखी एक छोटं स्टिकर असतं, ज्यावर एमआरपी, महिना-वर्ष आणि आयात करणाऱ्याचा किंवा बनवणाऱ्याचा पत्ता असतो. ते कायद्याने लागतं. ते नसेल तर ‘इंडियन पीस’ हे बोलणं संपलं. असेल तर महिना आणि भाव एकमेकांशी लावून बघा. आयफोन १३ चा १२८ जीबी सप्टेंबर २०२१ मध्ये ₹७९,९०० ला आला, सप्टेंबर २०२२ मध्ये ₹६९,९०० झाला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ₹५९,९००. नोव्हेंबर २०२१ चा माल आणि मूळ छापील एमआरपी ₹५९,९०० हे शक्य नाही. भाव उतरल्यावर कमी एमआरपीचं वेगळं स्टिकर लावता येतं, पण मूळ एमआरपी झाकून नाही. दोन्ही दिसायला हवेत. आणि बॉक्स प्लॅस्टिकच्या पारदर्शक सीलमध्ये असेल तर पुढे काही बघूच नका, आयफोन १३ पासून ॲपलने ते प्लॅस्टिक काढून मागे ओढायच्या कागदी पट्ट्या लावल्या.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर प्रामाणिक माणूस हकनाक मार खाईल. बॉक्स आणि फोनचा नंबर जुळत नसेल तर ती दरवेळी फसवणूक नसते. वॉरंटीत फोन बदलून मिळाला की घरी जुना बॉक्स राहतो आणि हातात N वाला नवा आयएमईआय येतो. अशा वेळी सर्व्हिस सेंटरचा कागद मागा, त्यावर दोन्ही नंबर असतात. उलट बॉक्सवरचा सिरियल checkcoverage.apple.com वर टाकल्यावर हा फोन बदलून दिला गेला आहे असा संदेश आला, तर त्या नंबरचा फोन विकायला यायलाच नको होता. आणि हो, सिरियल व पार्ट नंबर प्रोग्रामर नावाच्या यंत्राने बदलता येतात, म्हणून About मधलं M किंवा F हेही अंतिम नाही. कडेची पट्टी मात्र कोणी प्रोग्रामरने बदलत नाही.

भावाबद्दल: M वाला HN फोन असेल, About मध्ये Parts and Service History खाली बॅटरी-स्क्रीनसमोर Unknown Part नसेल, तर २८ हजारांवर बोलणी करता येतील. LL निघाला तर Carrier Lock समोर No SIM restrictions आहे का बघा आणि भाव चांगलाच खाली आणा. पैसे देण्याआधी त्याच्यासमोर फोन रीसेट करून तुमच्या ॲपल आयडीने सुरू करा, जुन्या मालकाच्या ॲपल आयडीचं ॲक्टिव्हेशन लॉक कुठल्याच स्टिकरवर दिसत नाही. बिलावर पूर्ण आयएमईआय आणि पार्ट नंबर लिहून घ्या. बॉक्सचे वेगळे हजार-दोन हजार मागत असेल तर बॉक्स त्यालाच ठेवू द्या.