बेळगावात शिरताना सर्व्हिस रोड कुठं धरायचा?

प्रश्न: नवीनच गाडी शिकलोय, निपाणीकडून बेळगावला येणार आहे. लेन, बायपास, फ्लायओव्हर, जंक्शन, सर्व्हिस रोड यात गोंधळ होतो, नीट सांगा.

उत्तर: हे बघ भावा, आपला पुणे-बेंगळुरू हायवे शहरात न शिरता बाजूनं जातो, त्यालाच बायपास म्हणायचं. तू दक्षिणेकडं येत असतोस तेव्हा शहर तुझ्या उजव्या हाताला राहतं, पण उजवीकडं वळायला तिथं जागाच नसते, मध्ये डिव्हायडर असतो. म्हणून उजवीकडं जायचं असलं तरी आधी डावीकडं उतरायचं, इथंच नवीन माणूस फसतो. गांधीनगरच्या अलीकडंच डावी लेन धर, इंडिकेटर दे, हायवेला लागूनच जाणाऱ्या छोट्या रस्त्याला, म्हणजे सर्व्हिस रोडला उतर आणि फ्लायओव्हरच्या खालून उजवीकडं वळ. चुकून फ्लायओव्हरवर चढलास की तिथं उतरता येत नाही, सरळ धारवाडच्या दिशेनं पुढं जायचं, मागं बिलकुल घ्यायचं नाही, पुढं वळायला मिळतंच.

सर्व्हिस रोडवर समोरनं उलटी येणारी दुचाकी असतेच असं धरूनच चालव, स्पीड कमी ठेव. लेन बदलताना तुटक पांढरी रेघ असेल तरच बदल, सलग रेघ ओलांडायची नाही. आणि जंक्शन म्हणजे रस्ते मिळतात ती जागा, आपल्याकडं पत्ता विचारलास तर लोक सर्कलच म्हणतील, चन्नम्मा सर्कल वगैरे.