डॉक्टरांच्या ऑर्डरवरून औषधांचा चार्ट कसा आखायचा?

प्रश्न: अमळनेरला आमचं दहा खाटांचं नर्सिंग होम आहे. डॉक्टरांच्या ऑर्डरवरून औषधं देण्याचा चार्ट कसा आखायचा?

उत्तर: डावीकडे औषध, डोस, मार्ग, किती वेळा, उजवीकडे तारखांचे रकाने. 'बीडी', 'टीडीएस' तसंच उतरवू नका, घड्याळाची वेळ लिहा.

खरी गडबड पहिल्या दिवशी होते. समजा ऑर्डर आहे: सेफ्ट्रियाक्झोन १ ग्रॅम, शिरेतून, दर १२ तासांनी, ५ दिवस. पेशंट दुपारी ४ ला आला, पहिला डोस तेव्हाच दिला. चार्टवर छापील ८-८ असेल तर रात्रपाळीची सिस्टर ८ ला दुसरा देते, म्हणजे चारच तासांत. म्हणून ४-४ लिहा; वेळ सरकवायची तर डॉक्टरांना विचारून. एकूण डोस १०, शेवटचा सहाव्या दिवशी पहाटे ४ ला. त्यापुढच्या चौकटींवर आधीच काट मारा, नाहीतर अकरावाही जातो.

'एसओएस' पॅरासिटामॉल या रकान्यांत नकोच. त्याला खाली वेगळी जागा: कशासाठी, किमान किती तासांनी, दिवसात जास्तीत जास्त किती. हे ऑर्डरमध्ये नसेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्या.

सही औषध दिल्यावरच. नाही दिलं तर गोल करून कारण लिहा. रिकामी चौकट पाहून पुढची पाळी तोच डोस पुन्हा देऊ शकते.