|x| + 2|y| ≤ 4 चा आलेख कसा काढायचा?

खानापूरला मराठी माध्यमातून दहावी केली, आता बेळगावात पीयूसीला आहे. x, y धन की ऋण अशी चार प्रकरणं करताना चिन्हांचा गोंधळ होतो. सोपी रीत सांगाल का?

फक्त पहिलं चरण काढा. x किंवा y चं चिन्ह बदललं तरी अट तीच राहते, म्हणून उरलेली तीन चरणं आरशातल्यासारखी मिळतात. पहिल्या चरणात x + 2y = 4, म्हणजे (4, 0) आणि (0, 2) जोडा. रेषा अक्षांवरच थांबवा. ती पुढे वाढवणं हीच नेहमीची चूक, कारण अक्षाखाली y ऋण होतो आणि समीकरण x − 2y = 4 होतं. दोन्ही अक्षांवर उलटवलं की आडवी शंकरपाळी तयार होते. मूळबिंदू अट पाळतो, म्हणून आतला भाग कडेसकट छायांकित करा. कुणी 4 आणि 2 पाहून आयतच काढतं. तेव्हा (3, 1) घालून बघा: 3 + 2 = 5, म्हणजे बिंदू बाहेर.