हस्तांदोलन: बेचकीला बेचकी भिडली पाहिजे

प्रश्न: क्लायंटबरोबर पहिल्या मीटिंगला हात किती जोरात मिळवावा, किती वेळ धरावा आणि पुढे नेमका कधी करावा? माझा हात नेहमी अर्धवटच सापडतो. याने खरंच इम्प्रेशन ठरतं का?

तुमचं शेवटचं वाक्य, हात 'अर्धवट सापडतो' हे, सगळ्यात महत्त्वाचं आहे. तिथूनच सुरुवात करतो, कारण ज्याला लोक 'लुळा हात' म्हणतात, त्यात ताकदीचा संबंध बऱ्याचदा नसतोच. हात लवकर मिटल्याचा तो परिणाम असतो.

आपला उजवा हात समोर धरून बघा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कातडीची एक बेचकी असते. नीट मिळवलेल्या हातात तुमची बेचकी समोरच्याच्या बेचकीत जाऊन टेकते, तळहाताला तळहात लागतो आणि मगच बोटं मिटतात. हा क्रम चुकला की सगळं बिघडतं. दोघांपैकी एकाने बेचकी भिडायच्या आधीच बोटं मिटली, तर त्याच्या मुठीत दुसऱ्याची फक्त बोटं येतात. आता त्या दुसऱ्या माणसाला दाब देताच येत नाही, कारण दाब देणारा अंगठा आणि तळहात बाहेरच राहिलेले असतात. मूठ मिटणाऱ्याला वाटतं, 'काय मऊ हात आहे याचा!' आणि चूक असते त्याची स्वतःची. वर त्याने जोर लावलाच, तर बोटांच्या मुळाशी असलेले सांधे एकमेकांवर दाबले जातात. बोटात अंगठी असेल तर डोळ्यांत पाणी येतं.

यावर उपाय सोपा आहे. हात पुढे करताना अंगठा वर आणि बाहेर, तळहात उभा, चारही बोटं सरळ आणि एकमेकांना चिकटलेली ठेवायची. बोटं फाकलेली असली की ती समोरच्याच्या बोटांत अडकतात. बेचकी टेकल्याचं जाणवेपर्यंत मूठ मिटायची नाही. शेवटच्या क्षणी नजर एकदा खाली हातावर जाऊ द्या, नेम चुकत नाही, आणि पकड बसली की लगेच डोळ्यांकडे. समोरच्याने घाईने तुमची बोटं पकडलीच, तर हात मागे ओढू नका. बोटं सैल सोडून मनगट दोन-तीन सेंटीमीटर पुढे सरकवा. बहुतेक वेळा बेचकी आपोआप बसते. नाही बसली, तर तसंच हसून सोडून द्या. 'परत एकदा' म्हणून पुन्हा हात मागणं त्याहून विचित्र दिसतं.

जोर किती? टेबलावरची पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली निसटू न देता उचलताना हाताला जेवढा लागतो, साधारण तेवढा. पकड बसल्यावर समोरचा जितका दाबेल तितकंच आपण दाबायचं, वर एक गुंजही नको. हात खालीवर दोन किंवा तीनदा, कोपरातून आणि तळहाताच्या रुंदीपेक्षा कमी. खांद्यातून हलवलं की हापसा मारल्यासारखं दिसतं. डावा हात समोरच्याच्या हातावर किंवा कोपरावर ठेवायची सवय पुढाऱ्यांकडून आलेली आहे. पहिल्या भेटीत ती सलगी वाटते.

इम्प्रेशन ठरतं का, याचं उत्तर 'थोडं ठरतं' असं आहे. अलाबामा विद्यापीठाचा २००० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. चार प्रशिक्षित परीक्षकांनी ११२ जणांशी हात मिळवून आठ गोष्टींना गुण दिले. ताकद, पकडीचा पूर्णपणा, वेळ, हलवण्यातला जोम आणि नजरानजर या पाच गोष्टी एकत्र येतात असं दिसलं. ज्यांचा हात असा होता, त्यांच्याबद्दल परीक्षकांचं पहिलं मतही जास्त चांगलं होतं. हाताचा ओलेपणा, तापमान आणि खरखरीतपणा मात्र या पाचांच्या गटात बसले नाहीत. घामाने ज्यांचा जीव खालीवर होतो, त्यांनी हे लक्षात ठेवावं. पुढे २००८ मध्ये आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी ९८ विद्यार्थ्यांच्या सरावाच्या मुलाखती घेतल्या. हस्तांदोलनाला गुण देणारे वेगळे होते आणि मुलाखत घेणारे वेगळे. तरीही ज्यांचा हात चांगला, त्यांची नोकरीसाठी शिफारस जास्त झाली. बायकांच्या हाताला सरासरी गुण कमी मिळाले, पण त्यामुळे त्यांची मुलाखत पडली नाही. उलट ज्या बायकांनी नीट भरीव हात दिला, त्यांना त्याचा फायदा पुरुषांपेक्षा जास्त झाला. 'बाईने हलकाच हात द्यावा' हा सल्ला यापुढे कुणी दिला, तर सोडून द्या. दोन्ही अभ्यास अमेरिकन विद्यार्थ्यांवरचे आहेत आणि संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. चांगल्या हाताने खराब कोटेशन पास होत नाही.

आता वेळ. दोन ते तीन सेकंद. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या एका छोट्या प्रयोगात तीन सेकंदांच्या पुढे हात धरून ठेवला, तेव्हा नंतरच्या बोलण्यात लोक कमी हसले आणि अस्वस्थपणा जास्त दिसला. मोठ्या पडद्यावरचं उदाहरण हवं असेल तर १० फेब्रुवारी २०१७ ला व्हाइट हाऊसमध्ये ट्रम्प यांनी जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांचा हात तब्बल १९ सेकंद धरला होता. ती चित्रफीत बघताना हाताकडे न बघता हात सुटल्यावरच्या आबेंच्या चेहऱ्याकडे बघा.

मनात एक-दोन-तीन मोजत बसू नका, नजरेत ते दिसतं. त्याऐवजी स्वतःचं नाव हेच घड्याळ. पकड बसली की बोलायला लागा: 'नमस्कार, मी अमुक तमुक, पर्चेसमधून.' हे वाक्य संपायला दोन-अडीच सेकंद लागतात. वाक्य संपलं की हात सुटला. आपल्याकडे हमखास चूक होते ती इथे: नाव सांगून झालं तरी हात तसाच धरून 'प्रवास कसा झाला, ट्रॅफिक लागलं का' सुरू होतं. आपुलकीच असते ती, पण समोरचा मनातल्या मनात हात सोडवत असतो. प्रवासाची चौकशी हात सोडल्यावर करा. समोरच्याची पकड सैल झाल्याचं जाणवलं, तर वाक्य अर्धं असलं तरी सोडा.

हात पुढे कधी करायचा, हे एका प्रसंगावरून सांगतो, कारण इथे नियमापेक्षा जागा महत्त्वाची. समजा, चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात जर्मनीहून तिघे आलेत: खरेदीप्रमुख बाई आणि दोन इंजिनिअर. कारखान्याकडून मालक, क्वालिटी मॅनेजर मॅडम आणि तुम्ही.

पाहुणे आत येण्याआधी उजवा हात रिकामा करा. मोबाइल, डायरी, व्हिजिटिंग कार्डं डावीकडे. थंड पाण्याचा ग्लास असेल तर तोही डाव्या हातात, नाहीतर ग्लासावरचं दव हाताला लागून घामाचाच भास होतो. टेबलाच्या पलीकडून हात देऊ नका. वाकावं लागतं, फक्त बोटंच पोचतात आणि वर सांगितलेली अर्धवट पकड होते. टेबलाला वळसा घालून या.

यजमान म्हणून पहिला हात मालकांचा, आणि तो खरेदीप्रमुखांना. तुम्ही तुमच्या पाळीपर्यंत थांबा. चालत येणाऱ्या माणसासाठी हात दारापासूनच पुढे काढून ठेवू नका. तीन मीटर हात लांब करून चालणारा माणूस केविलवाणा दिसतो. दोघांमध्ये साधारण दीड पावलाचं अंतर उरलं की हात उचला, म्हणजे पाऊल थांबणं आणि बेचकी भिडणं एकाच वेळी होतं. जर्मनीत पहिल्या भेटीला नीट भरीव हात, एकदा-दोनदा हलवून लगेच सोडायचा, हीच रीत आहे. तिथे खोलीतल्या प्रत्येकाला हात देतात आणि निघतानाही देतात. दोघे हात मिळवत असताना त्यांच्यावरून तिसऱ्याकडे हात काढू नका. तिथे तो आडवातिडवा हात अपशकुनी मानतात.

या प्रसंगातली खरी घसरगुंडी क्वालिटी मॅनेजर मॅडमच्या बाबतीत होते. पाहुणा इंजिनिअर त्यांच्यापाशी येऊन क्षणभर घुटमळतो: यांना हात द्यावा की नाही? त्यांनी हात दिला, तर प्रश्न संपला. त्यांनी हात जोडले, तर पाहुण्यानेही जोडावेत. पण कुणीच काही न करता नुसती मान हलली, तर सगळ्या पुरुषांशी हात मिळाले आणि एका बाईला वगळलं, असं चित्र उभं राहतं, आणि मीटिंगमध्ये तपासणीचे आकडे त्याच सांगणार असतात. म्हणून घरच्या माणसांनी आधीच विचारून ठेवावं, 'मॅडम, तुम्ही हात देणार की नमस्कार?' देणार असतील, तर त्यांनी अर्धा सेकंद आधी हात पुढे काढावा. पाहुण्याची कोंडी सुटते.

याच्या उलट गोंधळ एमआयडीसीतल्या जुन्या मालकांकडे होतो. तुमचा हात निघालेला असतो आणि समोरचे काका दोन्ही हात जोडतात. मग तुम्ही हात जोडता, तेवढ्यात ते हात पुढे करतात. दुसऱ्यांदा बदलू नका. जे आधी पूर्ण झालं तेच राहू द्या: त्यांनी हात जोडलेत, तर तुमचा हात वर नेऊन दुसऱ्याशी जोडा आणि तिथेच थांबा. वयाने मोठ्या माणसाला आपण होऊन हात न देता वाट पाहिली, तर ही वेळच येत नाही.

घामासाठी: मीटिंगआधी हात थंड पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करा, रुमाल उजव्या खिशात ठेवा आणि आत जाताना खिशातल्या खिशात तळहात पुसा. सगळ्यांदेखत पँटला हात पुसणं घामापेक्षा वाईट दिसतं. तळहाताला कायमच धारा लागत असतील तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. सांधेदुखी किंवा मनगट दुखावलेलं असेल, तर हात अर्धवट देऊन समोरच्याला कोड्यात टाकू नका. छातीशी हात नेऊन 'हाताला लागलंय, नमस्कार करतो' असं आधीच म्हणा. त्याला तेवढाच वेळ लागतो.